मदत हवी आहे: डिझाइन डॉक्युमेंट आहे, पण नव्या डेव्हलपरना त्यातून काही कळत नाही

रानजाई
अडकलेय, जरा लवकर सांगा. १ तारखेला टीममध्ये दोन नवीन मुलं येताहेत. जुनं डिझाइन डॉक्युमेंट ६४ पानांचं आहे. मागच्या वेळी आलेल्या मुलाने ते दोन दिवस वाचलं आणि तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "नोंद सर्व्हरवर पोचते कशी?" मॉड्यूल, डेटा फ्लो, इंटरफेस, सगळं आहे त्यात. सोमवारी नवीन द्यायचंय. चांगला टेम्प्लेट असेल तर टाका, आणि डायग्राम कुठली काढू तेही सांगा.

नेमस्त
आयईईई १०१६ घ्या, २००९ ची आवृत्ती. एकाच सिस्टिमकडे वेगवेगळ्या बाजूंनी कसं बघायचं ते त्यात नीट मांडलंय. आमच्या बँकेच्या कामात क्लायंट त्याशिवाय सहीच करत नाही. तुमच्या ६४ पानांत एखादी बाजू राहिली असणार.

घाटमाथा
डॉक्युमेंट लिहूच नका. कोडमध्ये कॉमेंट नीट घाला आणि डॉक्सिजन चालवा. हाताने लिहिलेलं तीन महिन्यांत शिळं होतं, हे मी दोन कंपन्यांत बघितलंय.

कोयनाकाठ
ताई, सिस्टिम कसली आहे तेच सांगितलं नाहीत. किती भाग, कुठे कुठे चालतात, एकमेकांशी कसे बोलतात? आणि ६४ पानांत नेमकं काय भरलंय?

रानजाई
हो, राहिलंच. दूध संकलनाची सिस्टिम आहे. गावातल्या केंद्रावर लॅपटॉप, त्याला वजनकाटा आणि फॅट मोजायचं मशीन जोडलेलं. सभासद दूध घालतो, नोंद होते, पावती निघते. नेट असेल तेव्हा नोंदी सर्व्हरवर जातात आणि दर १० दिवसांनी बिल निघतं. जुन्या डॉक्युमेंटमध्ये ४० पानं टेबलांची आणि कॉलमची यादी, बाकी क्लास डायग्राम.

गोठ्यातून
आमच्याही केंद्रावर हेच आहे. मशीन यूएसबीच्या केबलने जोडलंय आणि दर दोन दिवसांनी विंडोज पोर्टचा नंबर बदलतं, मग फॅट येतच नाही. तुम्ही काय केलंत? ड्रायव्हर कुठला वापरता?

कोयनाकाठ
तुमच्या मुलाने जे विचारलं, तिथूनच डॉक्युमेंट सुरू करा. एका सभासदाची एका सकाळची नोंद घ्या आणि काट्यापासून बिलापर्यंत तिचा प्रवास दोन पानांत लिहा. ती कुठे जन्मते, कुठे थांबते, कोण तिला बदलतं, नेट गेलं तर कुठे पडून राहते. टेबलांची यादी डेटाबेस उघडला की दिसतेच, ती काढून टाका. नेमस्त म्हणतात ते मानक चांगलं आहे, पण त्याने काही राहिलं नाही ना एवढंच तपासा. लिहायची सुरुवात तिथून केली की रकाने भरले जातात आणि गोष्ट हरवते.

नेमस्त
गोष्ट हरवत नाही, रकाने भरणाऱ्याला काम माहीत असलं तर. पण प्रवास आधी हे पटलं. मग मॉड्यूलही त्याच पायऱ्यांनी पाडा: मोजणं, पाठवणं, बिल.

कोयनाकाठ
इथे मात्र थांबा. सांगायचं प्रवासाच्या क्रमाने, मॉड्यूल त्या क्रमाने पाडायची नाहीत. डेव्हिड पार्नासने १९७२ सालच्या लेखात हेच दाखवलंय: फ्लोचार्टच्या पायऱ्यांवरून भाग पाडले तर एक निर्णय बदलला की सगळे भाग उघडावे लागतात. प्रत्येक भागाने बदलू शकणारा एकेक निर्णय पोटात ठेवावा. ताईंच्या सिस्टिममध्ये दरपत्रक बघा. फॅट, एसएनएफ आणि तारीख दिली की दर मिळतो, एवढंच बाहेरच्यांना माहीत हवं. आत तक्ता आहे की सूत्र, हे बिलाच्या कोडला कळता कामा नये. म्हणून प्रत्येक मॉड्यूलपुढे दोनच गोष्टी लिहा: त्याच्या पोटात कुठला निर्णय आहे आणि बाकीच्यांनी काय गृहीत धरायचं.

रानजाई
दरपत्रकाचं चटकन पटलं. आमच्या बिलाच्या कोडमध्ये तक्त्याचे कॉलम थेट वाचलेत, तेही लिहावं लागेल. इंटरफेसच्या भागात केंद्र सर्व्हरला काय पाठवतं ते असं टाकलंय. चालेल का?

```
{
  "entry_id": "K114-20250312-M-0047",
  "member": 392,
  "qty": 8.4,
  "fat": 4.1,
  "snf": 8.6
}
```

घाटमाथा
हे तर कोडमधूनच निघेल, मी तेच म्हणत होतो.

कोयनाकाठ
आकार निघेल, अर्थ नाही निघणार. ८.४ म्हणजे लिटर की किलो? दुधाची घनता साधारण १.०३. काट्यावर ८.४ किलो आलं तर ते ८.१६ लिटरच्या आसपास होतं. नव्या मुलाने एकक उलटं धरलं तर प्रत्येक सभासदाच्या बिलात सुमारे ३ टक्क्यांचा फरक. आणि दुसरं, शेवटचा ००४७ कोण देतो? उत्तर यायच्या आत नेट तुटलं तर केंद्र काय करतं?

रानजाई
किलो आहे, सर्व्हर लिटर करतो. नंबर लॅपटॉपवरचा काउंटर देतो, दर सत्राला १ पासून. उत्तर आलं नाही तर केंद्र तीच नोंद पुन्हा पाठवतं. सर्व्हरला तो आयडी आधीच दिसला तर तो नोंद सोडून देतो आणि २०० परत करतो. त्यामुळे एक नोंद दोनदा चढत नाही.

कोयनाकाठ
आणि सत्र चालू असताना लॅपटॉप बिघडला, दुसरा लावला तर?

रानजाई
काउंटर परत १ पासून.
थांबा. दोन महिन्यांपूर्वी एका केंद्रावर हेच झालं होतं. १२ नोंदी झाल्यावर लॅपटॉप बंद पडला, दुसरा लावला. नंतरच्या पहिल्या १२ सभासदांचं दूध सर्व्हरवर आलंच नाही. पावत्या होत्या म्हणून कळलं. आम्ही नेटला दोष देऊन नोंदी हाताने चढवल्या.

कोयनाकाठ
आयडी तेच, सभासद वेगळे. सर्व्हरला वाटलं जुनीच नोंद परत आली. म्हणून तपासताना नुसता आयडी नको, आतला मजकूरही जुळवा. जुळला तर २००, नाही जुळला तर ४०९ द्या आणि केंद्राच्या स्क्रीनवर दाखवा. इंटरफेसच्या पानावर हेच हवं: एकक, आयडी कोण देतो, तीच नोंद पुन्हा आली तर काय आणि त्याच आयडीवर वेगळी आली तर काय.

घाटमाथा
आयडी यूयूआयडी करा, प्रश्नच संपतो.

कोयनाकाठ
टक्कर संपते, खरं. पण मग सभासद पावतीवरचा नंबर फोनवर कसा सांगणार? काउंटर ठेवून लॅपटॉपचा क्रमांक आयडीत घालता येईल. जे ठरवाल ते तारखेसह एका परिच्छेदात लिहा: काय ठरलं, का, काय सोडून दिलं. नाहीतर दोन वर्षांनी कुणीतरी पुन्हा इथूनच सुरुवात करेल.

गोठ्यातून
माझ्या पोर्टचं कुणी सांगेल का?

रानजाई
दादा, आम्ही पोर्टचा नंबर लिहून ठेवत नाही. ॲप चालू होताना सगळे पोर्ट चाळतो आणि मशीनचं वाक्य जिथून येईल तो धरतो. हेही आमच्या डॉक्युमेंटमध्ये कुठेच नाही, आत्ता लिहिते.

नेमस्त
डायग्रामचं राहिलं. एकच काढा: केंद्र, सर्व्हर, बिल, मधल्या बाणांवर काय जातं ते. क्लास डायग्राम नको, आता मीही तेच म्हणेन. पण दर नोंदीत साठवायचा की बिलाच्या वेळी काढायचा, हे तुमच्या बाणांवरून मला अजून कळलेलं नाही.

रानजाई
दोन्ही होतं. पावतीवर केंद्राचा दर छापला जातो आणि बिलाला सर्व्हर पुन्हा काढतो. नवीन दरपत्रक केंद्रावर उशिरा पोचलं तर दोन्ही वेगळे येतात. कुठला खरा मानायचा हे आमच्याकडे कुणी ठरवलंच नाही. सोमवारी मॅनेजरना हे पान उघडं ठेवूनच दाखवते.