ग्राहकांना जाणाऱ्या उत्तरांत हिंदी शब्द नकोत, पण ते परत परत येतात (मदत हवी आहे)

दौतटाक: नमस्कार. आमच्याकडून ग्राहकांना जी लेखी उत्तरे जातात, ती हिंदी शब्द टाळून मराठीत लिहावीत असे मी लिहिणाऱ्यांना तीनदा कळवले आहे आणि साठेक शब्दांची यादीही त्यांना दिली आहे. चार दिवस ठीक जातात, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. सोमवारी मला वरिष्ठांसमोर उभे राहायचे आहे. कोणाकडे तयार, मोठी यादी असल्यास कृपया द्यावी. भाषेच्या इतिहासावर चर्चा नको, उपाय हवा आहे.

खिळेजुळारी: उत्तरे कशाबद्दलची आहेत, ती कोण लिहिते आणि तुमच्या यादीत नेमके काय आहे, यांपैकी काहीच तुम्ही सांगितलेले नाही. एखादे गेलेले उत्तर जसेच्या तसे इथे उतरवा, म्हणजे यादी कमी पडते आहे की आणखी काही बिघडले आहे ते पाहता येईल.

जाईजुई: आमच्या घरीही हीच तक्रार आहे. माझी नात सहा वर्षांची आहे आणि ती ‘मला भूक लागून राहिली’ असे म्हणते. आम्ही दूरदर्शन संच दोन महिने बंद ठेवला, त्याचा पुष्कळ उपयोग झाला.

स्वभाषा: यादी वाढवायची तर अर्धवट वाढवू नका. हिंदीतही असलेले अरबी-फारसी शब्द आधी काढा. ‘अर्ज’ऐवजी ‘आवेदन’, ‘राजीनामा’ऐवजी ‘त्यागपत्र’, ‘मदत’ऐवजी ‘सहायता’ असे लिहिता येते. सावरकरांनी दिलेले ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे शब्द लोकांना सुरुवातीला हास्यास्पद वाटले होते, पण आज ते सर्वांच्या तोंडी आहेत. निश्चय असला की शब्द रुळतो.

दौतटाक: नातीचा प्रश्न नाही, जाईजुईताई. आम्ही पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांची दुरुस्ती करतो आणि उत्तरे बाहेरची एक संस्था लिहून देते. काल गेलेले उत्तर असे आहे: ‘आपल्या असुविधेसाठी आम्हाला खेद आहे. आपले आवेदन प्राप्त झालेले आहे. आमचे प्रतिनिधी आपली सहायता करतील आणि आपल्याला लवकरच संपर्क करतील.’ यादीत ‘शिकायत’, ‘जानकारी’, ‘भुगतान’ असे शब्द आहेत. शिवाय ‘अर्ज’, ‘मदत’ आणि ‘जमा’ हे शब्द हिंदीतही असल्यामुळे एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मागच्या आठवड्यात तेही घातले. यादीतला एकही शब्द या उत्तरात नाही, तरीही ग्राहक विचारतो की तुम्ही हिंदीत का लिहिता.

खिळेजुळारी: मग दुखणे यादीतच आहे. तुम्ही ‘अर्ज’ हद्दपार केलात म्हणून लिहिणाऱ्याने ‘आवेदन’ आणले आणि ‘मदत’ काढलीत म्हणून ‘सहायता’ आणली. हे दोन्ही शब्द संस्कृत असले तरी सरकारी हिंदीच्या रोजच्या वापरातले आहेत. मराठीत आपण ‘साहाय्य’ म्हणतो, आणि तेही जरा ठेवणीतले. जो शब्द हिंदीतही आहे तो हिंदी, असा नियम केला की आपल्या घरातली माणसे बाहेर जातात आणि त्यांच्या जागी शेजारचे पाहुणे येऊन बसतात.

तुमचेच उत्तर मी असे लिहीन: ‘तुमची गैरसोय झाली, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तुमचा अर्ज मिळाला. आमचे प्रतिनिधी तुम्हाला मदत करतील आणि लवकरच तुमच्याशी संपर्क साधतील.’ यातले ‘गैर’, ‘दिलगीर’, ‘अर्ज’ आणि ‘मदत’ हे अरबी-फारसीतून आलेले आहेत, तरीही हे वाचून कोणताही ग्राहक तुम्हाला हिंदीत का लिहिता असे विचारणार नाही. तुमच्या उत्तरात मात्र जवळजवळ सगळे शब्द संस्कृत आहेत आणि ते हिंदी वाटते.

दुसरी गोष्ट यादीत मावणारीच नाही. ‘आपली मदत करतील’ यातला प्रत्येक शब्द मराठी आहे, पण वाक्य ‘आपकी मदद करेंगे’ या साच्यातले आहे. मराठीत मदत एखाद्याला करतात, एखाद्याची करत नाहीत. ‘आपल्याला संपर्क करतील’ याचेही तसेच आहे. आपण कोणाला नव्हे, कोणाशी संपर्क साधतो. तपासायचे असेल तर शब्द नव्हे, क्रियापदाशेजारचे प्रत्यय तपासा.

स्वभाषा: म्हणजे परकीय शब्द राहू द्यावेत, असेच आपले म्हणणे झाले. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला होता?

खिळेजुळारी: कोश झाला हे खरे, पण त्यानंतरही पेशव्यांच्या दप्तरात फडणीस आणि चिटणीस राहिलेच. भाषाशुद्धीचा कैवार घेणारे माधवराव पटवर्धन स्वतः फारसी शिकवीत आणि त्यांनी फारसी-मराठी कोशही रचला. कोणता शब्द कुठून आला ते त्यांना पक्के ठाऊक होते. इथे तर शब्दाचे मूळ नव्हे, त्याचा आजचा अर्थ पाहावा लागेल. हिंदीत ‘राजीनामा’ म्हणजे समझोत्याचा कागद आणि ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. हे शब्द दोन्ही भाषांत दिसतात म्हणून काढायचे, की अर्थ वेगळा आहे म्हणून ठेवायचे, हे कोणती यादी सांगणार?

वऱ्हाडी वारा: प्रत्ययांची गोष्ट मान्य, पण ग्राहक कुठले आहेत हे अजून कोणी विचारलेले नाही. १९५६ पर्यंत नागपूर हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या राज्यात होते. आमच्याकडे ‘मी जेवून राहिलो’ असे सर्रास म्हणतात आणि पैसेसुद्धा ‘भेटतात’. पुण्याच्या कानाला हे हिंदी वाटते, म्हणून आमची आजी हिंदी बोलत होती असे ठरवायचे का? जाईजुईताईंच्या नातीचे वाक्यही आमच्याकडे कोणाला खटकले नसते.

जाईजुई: आमची सून नागपूरची आहे. हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

खिळेजुळारी: वऱ्हाडी वारा, बोलीबद्दल तुमचे बरोबर आहे. दुकानाच्या लेखी उत्तरात मी तरी ‘पैसे मिळाले’ असेच लिहीन, पण ते हिंदी टाळण्यासाठी नव्हे, प्रमाण लेखनाची सवय म्हणून. या दोन कारणांची गल्लत तुमच्याकडे होत असेल तर, दौतटाक, ग्राहकांच्या अर्ध्या तक्रारी हिंदीबद्दलच्या नसतील.

दौतटाक: ग्राहक ठाण्यापासून गोंदियापर्यंतचे आहेत. आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, कारण ती मला महत्त्वाची वाटली नव्हती. मुख्य कार्यालय प्रत्येक उत्तराचा मसुदा आधी हिंदीत तयार करते आणि संस्थेतील लोक त्यावरून मराठी करतात. ग्राहकाचे मूळ पत्र त्यांना दिसत नाही.

खिळेजुळारी: हे पहिल्याच ओळीत असायला हवे होते. लिपी एकच असल्यामुळे लिहिणारा ‘असुविधा’ पाहतो आणि हात तोच शब्द उतरवतो. तो मराठीत आणायचा राहिला आहे हे डोळ्याला कळतच नाही. मसुदा तमिळमध्ये असता तर एकही शब्द तसाच उतरला नसता. चार दिवस सूचना ताजी असते म्हणून माणूस थांबून विचार करतो, पाचव्या दिवशी कामाचा ढीग वाढतो आणि समोरचा शब्द जिंकतो. यादीतून ‘अर्ज’, ‘मदत’ आणि ‘जमा’ आजच काढा. नेहमी लागणारी वीस-पंचवीस उत्तरे कोणाकडून तरी थेट मराठीत लिहून घ्या आणि बाकीच्यांसाठी ग्राहकाचे पत्र समोर ठेवा. हिंदी मसुदा फक्त आकडे आणि तारखा पडताळण्यापुरता उघडावा.

स्वभाषा: मी सहमत नाही, पण मसुदा बदलावा हे योग्य आहे.

दौतटाक: वीस उत्तरांचे जमेल. मसुद्याची पद्धत माझ्या हातात नाही, सोमवारी विचारून पाहीन. तोवर एक सांगा: ‘कृपया प्रतीक्षा करा’ ठेवावे की नाही? एक जण हिंदी म्हणतो, दुसरा म्हणतो की शब्द मराठी कोशात आहे.

वऱ्हाडी वारा: ‘थोडे थांबा’ लिहा.

स्वभाषा: ‘प्रतीक्षा’ शुद्ध आहे, ठेवावे.

खिळेजुळारी: शब्द मराठीत आहे, पण दुरुस्तीच्या माणसाची आपण वाट पाहतो. शिवाय कशाची आणि किती वेळ, हे त्या वाक्यात कुठे आहे?