अर्जातलं 'माननीय' काढा हवं तर, 'सोबत' काढू नका

सरळसोट : वडील गेल्यावर सहकारी बँकेतली ठेव काढायची, तर लोक अजून दोन पानी मराठी अर्ज लिहितात. प्रति, विषय, 'माननीय', 'कृपाभिलाषी', 'तसदीबद्दल क्षमस्व'. बँकेचा छापील फॉर्म असतो, तो भरा, आधार जोडा, विषय संपला. हे कर्मकांड शाळेतच सोडून द्यायला हवं.

आवकबारनिशी : 'कृपाभिलाषी' आणि 'क्षमस्व' खुशाल काढा. ठेवीचे पैसे मागताना कृपेचा प्रश्नच येत नाही. पण बाकीच्या मांडणीला कर्मकांड म्हणताय ते वाचून राहवलं नाही. छापील फॉर्मवर दावा कोणाचा ते कळतं. कोणत्या पावत्या, त्या आत्ता मोडायच्या की मुदत संपल्यावर, पैसे कोणत्या खात्यात आणि तुम्ही कोणते मूळ कागद बँकेच्या हातात दिले, हे बहुतेक फॉर्मवर नीट मावत नाही. तेवढ्यासाठी अर्ज. नामनिर्देशन असलेल्या ठेवीचा अर्ज एवढाच असतो :

दिनांक : …

प्रति,
मा. शाखाधिकारी,
(बँकेचे पूर्ण नाव), (शाखा)

विषय : बचत खाते क्र. … व मुदत ठेव पावती क्र. … आणि … यांची रक्कम नामनिर्देशित व्यक्तीस मिळणेबाबत.
खातेदार : कै. (पासबुकावर आहे तसेच नाव)

महोदय,
वरील खातेदार, माझे वडील, यांचे दि. … रोजी निधन झाले. वरील खाते व ठेवींसाठी त्यांनी माझे नामनिर्देशन केलेले आहे. दोन्ही ठेवी मुदतपूर्व बंद करून सर्व रक्कम माझ्या बचत खाते क्र. … मध्ये जमा करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही, पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल)

सोबत :
१) मृत्यू दाखला, छायाप्रत (मूळ दाखवला)
२) मुदत ठेव पावत्या, मूळ, २ नग
३) पासबुक, मूळ
४) अर्जदाराचे आधार व पॅन, स्वसाक्षांकित छायाप्रती
५) बँकेचा दावा फॉर्म, भरलेला

याच्या दोन प्रती काढायच्या. दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. रिझर्व्ह बँकेने दावा निकाली काढायला १५ दिवस दिलेत, पण ते मोजायचे पूर्ण कागद मिळाल्यापासून. 'सोबत'ची यादी नसेल तर विसाव्या दिवशी कोणीही म्हणेल, पासबुक जोडलंच नव्हतं. आणि मूळ पावती दिल्याचा तुमच्याकडे तोच एक पुरावा असतो.

सरळसोट : पोच कोण देतं? 'ठेवून जा' म्हणतात.

आवकबारनिशी : मग ठेवून येऊ नका. शाखाधिकाऱ्यांना भेटा. तिथेही नकार मिळाला तर अर्ज आणि छायाप्रती स्पीड पोस्टाने पाठवा, यादीत 'मूळ पावत्या पडताळणीसाठी समक्ष आणीन' असं लिहा. मूळ पावती टपालात टाकायची नाही. पावतीच्या मागे रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही मागतात, तीसुद्धा रक्कम किती मिळणार हे कळल्यावरच करा, कारण ती पैसे मिळाल्याची सही असते.

तिन्हीसांजा : एवढं सगळं कशाला? वारस दाखला लागतोच, तो काढला की अर्ज कसाही चालतो.

आवकबारनिशी : नामनिर्देशन असताना लागत नाही. कोर्टाचा वारस दाखला, हमीपत्र, जामीनदार यांचा नामनिर्देशित व्यक्तीकडे आग्रह धरू नये, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना नागरी सहकारी बँकांनाही २००५ पासून आहेत. म्हणूनच अर्जात 'नामनिर्देशन केलेले आहे' हे वाक्य हवं. ते गाळून 'मी वारस असल्याने' लिहिलंत, की तुमचा कागद वारसांच्या फाइलीत जातो आणि सगळ्या भावंडांच्या सह्या मागायला सुरुवात होते.

तिन्हीसांजा : पण नॉमिनी मालक नसतो! भावंडांनी हक्क सांगितला तर?

आवकबारनिशी : हे तुमचं बरोबर. नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते, वारसांचा हक्क तसाच राहतो. पण तो वाद घरातला, शाखेच्या टेबलावरचा नाही. आणि पतसंस्था असेल तर वरचे १५ दिवस विसरा, तिथे रिझर्व्ह बँकेचा अंमल नाही.

शमा_क : नमुन्यात 'कै.' छापून टाकलंत. कैलासवासी! आमच्या घरच्या अर्जात ते का लिहायचं? 'दिवंगत' लिहा, सगळ्यांना चालतं.

सातारकर : बँक स्वतः 'मयत खातेदार' म्हणते. तेच लिहावं.

शमा_क : आईच्या नावामागे 'मयत' लिहिताना हात थांबतो माणसाचा. पंचनाम्यातला शब्द आहे तो.

सातारकर : अर्जात भावना आणायच्या नसतात.

शमा_क : मग 'माननीय' तरी कशाला? शाखाधिकाऱ्याला मान आणि गेलेल्या माणसाला 'मयत', हे मला मान्य नाही.

आवकबारनिशी : शमाताई, 'दिवंगत' जास्त बरं, मान्य. पण या उपाध्यांपेक्षा नाव बघा. पासबुकावर 'सौ. सुमन', आधारवर 'सुमनबाई' आणि मृत्यू दाखल्यावर माहेरचं नाव असेल, तर अर्ज तिथेच अडतो. अशा वेळी अर्जातच एक वाक्य घाला : 'पासबुकावरील व मृत्यू दाखल्यावरील नावे एकाच व्यक्तीची आहेत', आणि तसं प्रतिज्ञापत्र 'सोबत'मध्ये सहावं. अर्जदार बाई असेल तर 'आपली विश्वासू', सौ. की श्रीमती ते तिचं तिने ठरवावं, पण सही बँकेत नमुना आहे तशीच.

सातारकर : श्रीमती लिहिलं की लोक विधवा समजतात, हा घोळ वेगळाच.

शमा_क : समजू देत. सरकारी कागदात सरसकट श्रीमतीच लिहितात.

सरळसोट : बरं, 'सोबत' आणि पोच मान्य. पण याच अर्जात वडिलांचे बँकेचे शेअर्सही मागितले तर काय बिघडतं? एका खेपेत काम.

आवकबारनिशी : तिथेच दोन्ही कामं अडतात. ठेवीचं नामनिर्देशन बँकिंग कायद्याखालचं. शेअर म्हणजे सभासदत्व, त्याचं नामनिर्देशन निराळं : राज्यात नोंदलेल्या बँकेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम ३०, बहुराज्यीय बँकेला तिचा वेगळा कायदा. ठेवीचा नॉमिनी आपोआप शेअरचा होत नाही. ठेवीचं काम शाखेत होतं, शेअरचं बहुधा मुख्य कार्यालयात. एकच कागद असेल तर तो वर जातो आणि शाखेत ठेवीसाठी काही उरत नाही. दुसरा अर्ज 'मा. मुख्य कार्यकारी अधिकारी' यांना, शाखेमार्फत. विषयात सभासद क्रमांक आणि भाग दाखला क्रमांक, 'सोबत' मूळ भाग दाखला. मृत्यू दाखल्याची प्रत पुन्हा जोडायची.

पाटी_पेन्सिल : शाळा सोडल्याचा दाखला हरवलाय. हाच नमुना चालेल का? शेवटी 'आपला आज्ञाधारक' लिहू ना?

आवकबारनिशी : मांडणी हीच. प्रति 'मा. मुख्याध्यापक'. विषयात 'दुसरी प्रत मिळणेबाबत'. अर्जात शाळेत असतानाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं वर्ष व इयत्ता, आणि जनरल रजिस्टर क्रमांक माहीत असेल तर तोही, नाहीतर रजिस्टर चाळत बसावं लागतं. 'सोबत' दाखला हरवल्याचं प्रतिज्ञापत्र आणि जुन्या दाखल्याची छायाप्रत असल्यास ती. 'आज्ञाधारक' शिकत असलेल्या विद्यार्थ्याने लिहावं.

सातारकर : माजी विद्यार्थीसुद्धा विद्यार्थीच. आज्ञाधारक लिहिलं तर कमीपणा नाही.

शमा_क : आणि 'मयत'चं काय ठरलं?