मदत हवी आहे: ऑइल ब्रेकच्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिक ६८ भरू का?

मांजराकाठ: नमस्कार मंडळी. ट्रॅक्टर ४५ एचपीचा, ब्रेक ऑइलमधले. सोयाबीनची मळणी नुकतीच उरकली, आता हरभऱ्याची पेरणी. रोटाव्हेटर उचलून धरला की लिफ्ट हळूहळू खाली बसते, मग झटका देऊन वर जाते. मिस्त्री म्हणतात, मागचं ऑइल काढून हायड्रॉलिक ६८ टाका, स्वस्तात काम होईल. गिअर, ब्रेक, लिफ्ट सगळ्यांना एकच ऑइल आहे. इंजिन ऑइलही बदलायचंय. कोणतं घेऊ?

जुनाजाणता: आमच्या जुन्या ट्रॅक्टरला कायम ९० नंबर घातलं, काही झालं नाही.

वर्कशॉपवाला: काका, तुमचे ब्रेक कोरडे असतील, त्यांना ऑइल लागतच नाही. यांच्या ब्रेक प्लेटा त्याच ऑइलमध्ये फिरतात. ६८ मध्ये त्या प्लेटांसाठी लागणारी द्रव्यं नसतात. लिफ्ट चालेल, पण ब्रेक किंचाळायला लागतात किंवा झटक्यात धरतात. दादा, पुस्तकात दिलेलं वेट ब्रेकचं ऑइलच घ्या, डब्यावर यूटीटीओ लिहिलेलं असतं.

पण विकत घेण्याआधी एक करून बघा. रोटाव्हेटर वर उचला, इंजिन बंद करा आणि लांब उभं राहून बघा. खाली हात-पाय घालू नका. तो बसत गेला तर पिस्टनचं सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय. चालू इंजिनात तो खाली येतो आणि पंप पुन्हा उचलतो, तोच तुमचा झटका. हे कुठल्याही ऑइलने थांबणार नाही. डिपस्टिकही पुसून बघा. ऑइल ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी शिरलंय, मग ते काढावंच लागेल. काढताना गाळणीही साफ करा.

शेतकरीपुत्र: इंजिनात २०डब्ल्यू-४० टाका, उन्हाळ्यात जाड राहतं.

वर्कशॉपवाला: भाऊ, १५डब्ल्यू-४० घ्या की २०डब्ल्यू-४०, इंजिन तापल्यावर दोन्ही ४० च्याच गटात. फरक थंड इंजिन चालू करताना पडतो, १५ लवकर वर चढतं. त्यापेक्षा डब्यावर सीआय-४ हा दर्जा आहे का बघा. किती तासांनी बदलायचं तो आकडा पुस्तकातला धरा, पण तास मीटरवरचे मोजा. मळणीत ट्रॅक्टर जागेवरच उभा असतो, तरी तास पडत असतात. त्यात भुश्शाने एअर क्लीनर भरतो आणि धूळ आत गेली की चांगलं ऑइलही लवकर खराब होतं. त्यामुळे या हंगामात मी थोडं आधीच बदलतो.

मांजराकाठ: बघितलं. इंजिन बंद केल्यावर पाचेक मिनिटांत रोटाव्हेटर जमिनीला टेकला. ऑइल स्वच्छ आहे. आता पेरणीआधी लिफ्ट उघडावी का? वाफसा चाललाय.

वर्कशॉपवाला: पेरणी यंत्र हलकं असेल तर उरकून घ्या, रोटाव्हेटर तेवढा लावू नका.

शेतकरीपुत्र: मी तर आधीच उघडलं असतं. मधेच पूर्ण बसली तर यंत्र शेतातच अडकेल.