'व्हिसा-फ्री' आणि 'व्हिसा ऑन अरायव्हल': फरक नेमका कशात?

डोंबिवलीकर
पासपोर्टांच्या क्रमवारीची बातमी येते तेव्हा "भारतीयांना इतक्या देशांत व्हिसाशिवाय प्रवेश" असं छापतात आणि त्यात मॉरिशस, मालदीव, इंडोनेशिया सगळे एकाच यादीत असतात. 12 जानेवारीला आई-बाबांना घेऊन आम्ही चौघं बालीला जायचं म्हणतोय. एजंट म्हणतो, "बाली व्हिसा-फ्रीच आहे, तिथे उतरल्यावर पैसे भरायचे." पैसे भरायचे तर ते फ्री कसं? या दोन शब्दांचा खरा अर्थ काय, आणि मराठीत काय म्हणावं?

अंजनवेल
दोन्हींत आधी वकिलातीत जावं लागत नाही. फरक फक्त पैशांचा. फुकट असेल तर व्हिसा-फ्री, पैसे घेतले तर ऑन अरायव्हल. दुबईलाही भारतीयांना ऑन अरायव्हल मिळतो, माझ्या मित्राने गेल्या वर्षी तसाच घेतला.

खिडकीची_सीट
मी बरीच वर्षं मुंबई विमानतळावर चेक-इन काउंटरवर काम केलं आहे, म्हणून सांगते. अंजनवेल, वकिलातीचं तुम्ही बरोबर लिहिलंत, पण फरक पैशांचा नाही. मालदीवमध्ये ऑन अरायव्हल व्हिसा मिळतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही. तरी तो व्हिसाच.

व्हिसा-फ्रीमध्ये त्या देशाने तुमच्या नागरिकत्वाला व्हिसाच माफ केलेला असतो. ऑन अरायव्हलमध्ये व्हिसा लागतोच, फक्त तो द्यायचा की नाही हे तुम्ही तिथे पोचल्यावर ठरतं. आणि अटी दोन्हींना असतात. इराणने फेब्रुवारी 2024 मध्ये भारतीयांना व्हिसा माफ केला तेव्हाही अट होती: फक्त पर्यटनासाठी, फक्त विमानाने, जास्तीत जास्त 15 दिवस, आणि सहा महिन्यांतून एकदाच. नोकरीच्या आमिषाने लोकांना तिकडे नेऊन ओलीस धरण्याचे प्रकार झाले आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ती सवलत थांबली. जुने लेख मात्र तसेच राहतात आणि लोक त्यांवर विसंबून तिकीट काढतात.

दुबईचं म्हणाल, तर तुमच्या मित्राकडे अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड, युरोप-ब्रिटनचं वास्तव्याचं कार्ड असं काहीतरी असणार. नुसत्या भारतीय पासपोर्टवर दुबईत तो मिळत नाही, आधी काढूनच जावं लागतं.

अंजनवेल
हो, त्याच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे. ते मला कोणी सांगितलंच नव्हतं.

मिसिसागाची_मावशी
मग माझंही सांगा. आम्ही नेपाळला जाणार. भाऊ म्हणतो, भारतीयांना व्हिसा लागत नाही. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, पण लेकीचा अमेरिकन आहे, सोबत ओसीआय कार्ड. ती भारतीयच धरली जाईल ना?

खिडकीची_सीट
नाही, ताई. नियम पासपोर्ट बघून लागतो. ओसीआय भारतात येण्यासाठी आहे, नेपाळला त्याचा उपयोग नाही. तुम्ही बिनव्हिसा जाल, लेक काठमांडूला उतरून ऑन अरायव्हल घेईल: 15 दिवसांना 30 डॉलर, 30 दिवसांना 50. एका घरातली दोन माणसं एकाच विमानातून उतरून दोन वेगळ्या रांगांत उभी राहतात, ती अशी. म्हणून 'अमुक देश व्हिसा-फ्री आहे' हे वाक्यच अर्धं आहे. कुणाला, किती दिवस, कशासाठी, हे जोडल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

डोंबिवलीकर
आता बालीचं सांगा. तिकीट सिंगापूरमार्गे स्वस्त मिळतंय. मुंबई-सिंगापूर एका कंपनीचं, पुढचं दुसऱ्या. बाबांचा पासपोर्ट 3 जुलैला संपतो. अजून बुक केलेलं नाही.

खिडकीची_सीट
बुक केलं नाहीत हे उत्तम झालं. या बेतात दोन अडचणी आहेत आणि त्यातली एकही बालीच्या व्हिसाची नाही.

इंडोनेशियाला पोचण्याच्या दिवशी पासपोर्ट किमान सहा महिने चालू हवा. 12 जानेवारीपासून सहा महिने म्हणजे 12 जुलै. बाबांचा नऊ दिवस कमी पडतो. मुंबईत काउंटरवरच त्यांना थांबवतील. इंडोनेशियातून माणूस परत पाठवला गेला तर खर्च आणि दंड कंपनीवर येतो, त्यामुळे इमिग्रेशनच्या आधी तुमची तपासणी विमान कंपनीच करते. आधी त्यांचा पासपोर्ट नवा करून घ्या.

दुसरी अडचण सिंगापूरची. दोन सुटी तिकिटं असली की सहसा बॅगा पुढे जात नाहीत. त्या घ्यायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं आणि भारतीयांना सिंगापूरला व्हिसा लागतो. तीच दोन तिकिटं क्वालालंपूरमार्गे असली तर चालतं, कारण मलेशियाने भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला आहे. फक्त पोचण्याआधीच्या तीन दिवसांत त्यांचा आगमनाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा. ही सवलत मुदतीची आहे, म्हणून तुमच्या तारखेला चालू असेल हे बघा. किंवा सिंगापूरचंच पण बॅगा थेट बालीपर्यंत जातील असं एकच तिकीट घ्या.

बालीला मिळतो तो ऑन अरायव्हल व्हिसा: प्रत्येकी 5 लाख इंडोनेशियन रुपिया, 30 दिवसांचा, एकदा 30 दिवसांनी वाढवता येतो. परतीचं किंवा पुढे जाण्याचं तिकीट हातात हवं. तोच व्हिसा घरबसल्या evisa.imigrasi.go.id वर काढता येतो. त्याशिवाय बालीचा पर्यटक कर प्रत्येकी दीड लाख रुपिया, तो व्हिसाचा भाग नाही. व्हिसा आणि कर मिळून चौघांचे 26 लाख होतात. आकडा बघून घाबरू नका, रुपिया आपल्या रुपयापेक्षा खूप हलका आहे.

टिळकरोड
ऑनलाइन काढला तर तो ऑन अरायव्हल राहिला का? मग त्याला ई-व्हिसाच म्हणा की.

खिडकीची_सीट
इंडोनेशिया स्वतः त्याला ई-व्हीओए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक व्हिसा ऑन अरायव्हल म्हणतो, कारण व्हिसा तोच, पैसे फक्त आधी भरायचे. पण तो पासपोर्ट क्रमांकाला बांधलेला असतो आणि पैसे परत मिळत नाहीत. म्हणून बाबांचा नवा पासपोर्ट हातात आल्यावर, तिकीट पक्कं झाल्यावरच काढा.

अंजनवेल
पण खात्री कुठे करायची? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

खिडकीची_सीट
दोन जागी. आधी त्या देशाच्या इमिग्रेशनचं किंवा वकिलातीचं संकेतस्थळ. तिथे 'भारत' हे नाव त्यांच्या यादीत आहे का, ते स्वतः वाचा. व्हिसाचं संकेतस्थळ शोधताना वर जाहिरातीत येणारी पानं बहुतेकदा एजंटांची असतात, सरकारी नव्हेत. पत्त्याच्या शेवटी .go.id सारखं सरकारी चिन्ह आहे का बघा.

दुसरी जागा टायमॅटिक, म्हणजे विमान कंपन्या वापरतात ती देशोदेशीच्या प्रवेशनियमांची यंत्रणा. काउंटरवर आम्ही तेच बघून माणसाला सोडायचो. बऱ्याच विमान कंपन्यांच्या संकेतस्थळावर प्रवासाची कागदपत्रं तपासायची सोय असते, ती त्यावरच चालते. नागरिकत्व, राहण्याचा देश, वाटेतले थांबे, सगळं भरा. थांबे सोडले तर सिंगापूरसारखी अडचण दिसतच नाही. दोन्हींत तफावत दिसली तर तारीख आणि मार्ग लिहून विमान कंपनीला ईमेल करा आणि उत्तर जवळ ठेवा. तिकीट काढण्याआधी एकदा, निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा.

टिळकरोड
बाकी शब्दाचं राहिलंच. 'आगमनी व्हिसा' चांगला वाटतो. व्हिसा-फ्रीला 'व्हिसामाफी'?

मिसिसागाची_मावशी
'माफी' म्हटलं की गुन्हा केल्यासारखं वाटतं. 'बिनव्हिसा' बरं.

टिळकरोड
करमाफी, फीमाफी म्हणतोच की आपण. आणि त्या देशाने मुळात असलेली अट सोडली, हे 'माफी'त दिसतं. बिनव्हिसा म्हटलं की मालदीवसुद्धा त्यात घुसेल.

डोंबिवलीकर
बाबांच्या पासपोर्टचा अर्ज आज भरतो, मग क्वालालंपूरचं बघतो. एक विचारायचं राहिलं: परतीचं तिकीट नंतर काढायचं म्हटलं आणि बालीहून जहाजाने दुसऱ्या देशात जाण्याची पावती दाखवली तर चालेल का?

खिडकीची_सीट
तुमच्या विमान कंपनीला लिहून विचारा. आमच्या काउंटरवर दोन सुपरवायझरांनी याची दोन वेगळी उत्तरं दिलेली मी पाहिली आहेत.