अनुभव धागा: निवृत्त शिक्षक, जुना विद्यार्थी आणि स्टेशन. ही कथा कशी लिहावी?

ओसरी
दिवाळी अंकांकडे येणाऱ्या कथांमध्ये ही भेट हमखास असते. गुरुजी बाकड्यावर बसलेले, समोरून कडक इस्त्रीतला साहेब येतो, वाकून नमस्कार करतो, गुरुजींचे डोळे भरतात, गाडी सुटते. वाचणाऱ्याला दुसऱ्याच परिच्छेदात शेवट कळलेला असतो. ज्यांनी अशा कथा लिहिल्या, तपासल्या किंवा ज्यांना शाळा नाहीतर रेल्वे आतून माहीत आहे, त्यांनी सांगावं: ती नेमकी कुठे फसते? दीड-दोन हजार शब्दांची कथा धरून बोलूया.

खडूफळा
फसते ती ओळख पटण्याच्या जागी. गुरुजी चेहरा बघताक्षणी पूर्ण नाव घेतात, हे खरं वाटत नाही. हिशेब करा. माध्यमिकचा विषयशिक्षक वर्षाला चार तुकड्या घेतो, तुकडीत पन्नास मुलं. तीच मुलं दोन-तीन वर्षं हाताखाली राहतात असं धरलं, तरी तीस वर्षांत दोन-तीन हजार चेहरे होतात. मुलाला मात्र गणिताचे सर एकच. शिवाय सरांचा चेहरा पिकतो पण ओळखू येतो, चौदा वर्षांच्या पोराचा चेहरा पुढे राहतच नाही.

म्हणून आधी विद्यार्थी बोलणार. गुरुजी वेळ काढणार. "काय करतोस हल्ली?" हा प्रश्न बहुतेक वेळा आठवण शोधायला मिळालेली अर्धी मिनिटं असतो, चौकशी नंतर. संवाद लिहिताना हे कळलेलं असलं की तो प्रश्न वेगळाच वाजतो.

शिक्षकाच्या डोक्यात उरतं ते हजेरीपटाच्या क्रमाने आडनाव, गाव, थोरला भाऊ, बसायची जागा आणि अक्षर. "तू अमक्याचा धाकटा ना?" हे पहिलं वाक्य खरं वाटेल. विद्यार्थिनी असेल तर ती सासरचं आडनाव सांगते आणि गुरुजी अडकतात, माहेरचं सांगितल्यावर गाठ सुटते. एवढ्यावर अर्धं पान सहज उभं राहतं.

निळी शाई
गुरुजींचं वय थेट सांगू नका, तिकिटातून दाखवा. साठीला निवृत्त झाले आणि आता ज्येष्ठ नागरिक सवलतीच्या तिकिटावर मुलीकडे निघालेत. एका वाक्यात वय, पैशांची ओढ, सगळं येतं.

गार्डाचा डबा
युक्ती चांगली, तपशील दोन्ही चुकले. महाराष्ट्रात शाळेतला शिक्षक ५८व्या वर्षी निवृत्त होतो. आणि ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. कथा त्यानंतर घडत असेल तर गुरुजी पूर्ण भाडं भरणार. त्याआधीची असेल तर जरूर वापरा.

माझ्या मते मोठी चूक वेळेची असते. लेखक दोन मिनिटांच्या थांब्यात वीस मिनिटांचं बोलणं घालतात. दोन मिनिटांत माणसं उतरतात, चढतात आणि गाडी हलते. बोलणं लांब हवं असेल तर ते लांबायला गाडीकडे कारण पाहिजे. दौंडला ते होतं. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांची दिशा तिथे बदलायची. इंजिन सोडायचं, शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला न्यायचं, जोडायचं, ब्रेकची हवा तपासायची, मग गाडी निघायची. साधारण वीस मिनिटं धरा. आता दिशा बदलणं टाळणारी कॉर्ड लाइन झाली आहे आणि तिच्यावरून जाणाऱ्या गाड्यांना हे करावं लागत नाही, म्हणून कथेचं साल आधी ठरवा.

आणखी एक: इंजिनाकडे तोंड करून बसलेला प्रवासी दौंडनंतर उलटा बसलेला असतो. गुरुजींना खिडकी तीच, पण गावं आता मागे सरकत जाताना दिसणार.

वाटसरू
आमच्या दहावीच्या बॅचचं संमेलन आहे, मराठीच्या बाईंचा पत्ता सापडत नाही. शाळेत विचारलं तर निवृत्तांची यादी नाही म्हणाले. कुणी काही सुचवेल का?

ओसरी
वाटसरू, इथे कथा कशी लिहावी याची चर्चा आहे. तरी त्याच शाळेतून निवृत्त झालेल्या दुसऱ्या कुणाला विचारा, सहकारी एकमेकांच्या संपर्कात असतात.

पानसुपारी
गार्डाचा डबा यांचं दौंड आणि खडूफळा यांचं 'अक्षर' धरून आराखडा करून बघते.

साल १९९८. गुरुजी ६१ वर्षांचे, म्हणजे निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली. विद्यार्थी १९७९ साली नववीत, आता तेहतिशीचा. त्याला साहेब करायचं नाही. इंजिन सोडणारा-जोडणारा पॉइंट्समन करायचा. मग गाडीची वेळ तीच त्याच्या मोकळ्या वेळेची मर्यादा होते: इंजिन सोडून झालं की दुसऱ्या टोकाला येईपर्यंत तो मोकळा, आलं की बोलणं तिथेच तुटणार. शिट्टीने निरोप लिहायची गरजच उरत नाही.

गुरुजी पाय मोकळे करायला उतरलेत. शेजारच्या रुळावरच्या मालगाडीच्या वाघिणीवर कुणीतरी खडूने आकडे लिहितोय. पाचाचा आकडा खालून सुरू करून वर नेलेला, उलट्या वळणाचा. हे वळण त्यांनी वर्षभर लाल शाईने दुरुस्त केलं होतं. इथे चेहऱ्याआधी अक्षर ओळखलं जातं, आणि पहिल्यांदा हाक मारायची पाळी गुरुजींची येते. पण नाव आठवत नाही. म्हणून ते म्हणतात, "पाच अजून तसाच काढतोस?"

आता नमस्कार. त्याच्या हातांना कपलिंगचं काळं ग्रीस. तो वाकतो, पण पायांना हात लावत नाही, दोन्ही मनगटं उलटी करून टेकवतो. गुरुजींच्या धोतराच्या काठाला तरीही एक काळा ठिपका लागतो. लेखकाने हा ठिपका पुढे कशाचंही प्रतीक करू नये. घरी गेल्यावर बायको "हे कुठे लागलं?" विचारेल, इतकंच पुरे.

जुनी सल हवीच. नववीत भूमितीच्या पेपरात गुरुजींनी त्याला नक्कल केली म्हणून उभं केलं होतं आणि नक्कल शेजारच्याने केली होती. आराखड्याच्या पहिल्या खर्ड्यात विद्यार्थी हे बोलून दाखवतो आणि गुरुजी माफी मागतात. तो खर्डा पडला. वीस मिनिटांत एकोणीस वर्षांचा हिशेब मिटतो, हे खोटं वाटतं. दुसऱ्या खर्ड्यात तो फक्त म्हणतो, "भूमितीत नापास झालो होतो सर, नंतर सोडलीच शाळा." कारण वाचकाला आधीच माहीत असतं, पहिल्या पानावर, गुरुजींच्या दुसऱ्याच कुठल्या आठवणीत सहज आलेलं.

खडूफळा
आराखडा आवडला, एक हरकत. गुरुजींना ती घटना आठवते की नाही? अक्षर आठवतं आणि शिक्षा विसरली, असं शिक्षकांच्या बाबतीत खूप खरं आहे. शिक्षा करणारा विसरतो. माझं मत, त्यांना आठवूच नये.

पानसुपारी
मग पहिल्या पानावरची आठवण कुणाची? कथा गुरुजींच्या नजरेतून आहे, त्यांना आठवत नसेल तर वाचकाला कळणार कसं?

गार्डाचा डबा
नजर बदला. त्या पोराकडून लिहा. तो डब्याखालून वर येतो, त्याला आधी गुरुजींच्या चपला दिसतात.

पानसुपारी
तर अक्षराची ओळख जाते, आणि कथा तिच्यावर उभी आहे. मला तो पाचाचा आकडा सोडवत नाही.

खडूफळा
आकडा राहू द्या. गुरुजींना पेपर आठवू दे, उभा केलेला मुलगा आठवू दे, फक्त त्यांच्या आठवणीत तो मुलगा हा नाही, शेजारचा आहे.

ओसरी
पानसुपारी, हा तिसरा खर्डा लिहून इथेच टाका.