सल्ला हवा आहे: टॅक्सीतले अनोळखी गाणे प्रवासी बाईला अर्धवट ओळखीचे वाटते, हे कथेत कसे पटवावे?

मृण्मयी_क

नमस्कार. एका दिवाळी अंकासाठी सुमारे दोन हजार शब्दांची कथा लिहीत आहे आणि मधल्या भागाशी महिनाभर अडले आहे. ऑगस्ट २०१९ मधला पावसाळी दिवस आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या, बासष्ट वर्षांच्या सुमनताई दादर टी.टी.ला टॅक्सीत बसतात आणि त्यांना जे. जे. रुग्णालयात जायचे आहे. चालक जौनपूरकडचा, पन्नाशीचा आहे. तो कॅसेट लावतो. त्या गाण्याचे शब्द बाईंना कळत नाहीत, ते पूर्वी ऐकल्याचेही आठवत नाही, तरी गाणे अगदीच परके वाटत नाही. त्यांचे बालपण फलटणजवळच्या खेड्यात आजीकडे गेले आहे आणि शेवटी त्यांना आजीचे गाणे आठवते, एवढीच कथा आहे.

दोघांना मसुदा वाचायला दिला. एकाने विचारले, "पण गाणे कोणते होते?" दुसरी मैत्रीण म्हणाली की शेवट ओढूनताणून आणलेला वाटतो, कारण जौनपूरचे गाणे फलटणच्या आजीला ठाऊक असण्याचे काहीच कारण नाही. तिचे म्हणणे मला खोडता आले नाही. बाईंनी नेमके काय ओळखावे, चालकाने गाण्याविषयी किती सांगावे आणि गाण्याच्या ओळी कथेत द्याव्यात का, याविषयी सल्ला हवा आहे.

परळकर

माझे वडील तीस वर्षे टॅक्सी चालवत होते, त्यामुळे आधी गाडीविषयी सांगतो. तुम्ही वर गाडीचे नाव दिलेले नाही, पण कॅसेट वाचून तुमच्या मनात पद्मिनी असावी असे वाटते. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २००३ मधली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. २०१९ मध्ये ती दिसू शकते, मात्र तेव्हा ती इतकी विरळ झाली होती की वाचकाचे लक्ष गाण्याऐवजी गाडीकडेच जाईल. साधी सँट्रो किंवा वॅगन-आर ठेवा. कॅसेट तर काढूनच टाका, कारण तोवर चालक पेनड्राइव्ह लावत किंवा मोबाइलवर गाणी ऐकत.

दुसरी गोष्ट रस्त्याची. परळच्या पुढे चालक लालबागचा उड्डाणपूल घेईल आणि काही मिनिटांत भायखळ्याला उतरेल. तुमची बाई पूल चढल्यावर आठवू लागली, तर तिला वेळच मिळणार नाही. गाणे हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यात, गाड्या अडकलेल्या असताना पूर्ण वाजू द्या. तिथे अर्धा तास जाणे हे मुंबईकराला वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

स्वरवेडा

मला हे तितके अवघड वाटत नाही. दोन्ही गाणी एकाच रागातली असतील. भैरवीची किंवा पहाडीची छाया लोकगीतांत सगळीकडे सापडते आणि राग ओळखता न येणाऱ्या माणसालाही ती सुरावट ओळखीची वाटते. चालक जौनपूरचा आहे, म्हणजे गाणे कजरी असणार. बाईंना थोडे शास्त्रीय संगीत शिकलेल्या दाखवा, म्हणजे त्यांना स्वर ओळखू येतील आणि प्रश्न सुटेल.

शैलेश_नाशिक

माझ्याबाबतीत अगदी हेच घडले आहे. १९९६ मध्ये व्ही.टी.हून निघालेल्या टॅक्सीत एक गाणे लागले होते. बाईचा आवाज, मागे फक्त ढोलक आणि दुसऱ्या कडव्यात कुणीतरी खोकल्याचा आवाज. माझ्याबरोबर धाकटा भाऊ होता. तो आता नाही. ते गाणे मी आजही शोधतो आहे. तुमच्या कथेतले गाणे कोणते ते कळले तर कृपया इथे द्यावे, कदाचित तेच असेल.

मृण्मयी_क

शैलेशजी, कथेतले गाणे मी अजून ठरवलेलेच नाही, म्हणून तुमच्या शोधात माझी मदत होणार नाही, याचे वाईट वाटते. तो खोकला मात्र माझ्या लक्षात राहील.

दळणकांडण

मी जात्यावरच्या ओव्या ऐकत आणि उतरवून घेत बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

स्वरवेडा यांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. शब्द न कळता सुरावट ओळखीची वाटू शकते. पण कजरी हे श्रावणातले गाणे आहे. मिर्झापूरकडची कजरी प्रसिद्ध आहे, तिच्यात झुला येतो, पाऊस येतो आणि तिची चाल लडिवाळ असते. फलटणच्या आजीकडे नेणारे तिच्यात काही नाही. शिवाय बाईंना संगीत शिकलेल्या दाखवले, तर त्या रागाचे नाव घेतील आणि तिथेच अर्धवट ओळख संपून पूर्ण ओळख होईल.

चालकाकडे जँतसार असू द्या. भोजपुरी मुलखात बायका जाते ओढताना जी गाणी म्हणत, त्यांना जँतसार म्हणतात. आपल्याकडे ओवी, तिकडे जँतसार. भाषा वेगळी, चाल वेगळी, पण हातातला खुंटा तोच आणि पहाटेची वेळही तीच. तुमच्या मैत्रिणीच्या आक्षेपाचे उत्तर इथे मिळते. फलटणच्या आजीला ते गाणे ठाऊक असण्याची गरजच नाही, कारण दोन्ही बायका एकच काम करत होत्या.

हे काम गाण्यात कसे ऐकू येते तेही सांगते. खुंटा छातीकडे ओढताना जोर लागतो आणि पुढे जाताना दगड आपल्या वजनाने थोडा फिरून जातो. लहानपणी मी आजीसमोर बसून खुंट्याला हात लावत असे, तेव्हा तिचा आवाज ओढीच्या जागी दबलेला आणि पुढे सुटलेला ऐकू यायचा. श्वास ओळ संपल्यावर येत नाही, दगड सांगेल तिथे येतो, म्हणून शब्द मध्येच तुटतो. ओळीचा अर्धा भाग दोनदा म्हटला जातो आणि "गं बाई" भरीला येते, कारण फेरा पुरा व्हायचा असतो. तिकडे अशाच जागी "हो राम" येते. गाणाऱ्या बाईने पुढे जाते सोडले आणि ती नुसतीच बसून गायली, तरी ही तुटण्याची जागा पुष्कळदा तशीच राहते.

म्हणून सुमनताईंनी चाल ओळखू नये, शब्दही ओळखू नयेत. त्यांना फक्त श्वास कुठे येणार ते आधी कळावे. गाणे शब्दाच्या मध्यावर थांबते आणि त्यांचाही श्वास तिथेच थांबलेला असतो. त्यानंतर त्या मनातल्या मनात पुढची ओळ आजीच्या चालीने वर नेतात आणि गाणे मात्र खाली उतरते. ही चूक अवश्य ठेवा. अर्धवट ओळख खरी वाटते ती ओळख चुकते त्या जागेमुळे, आणि तुमच्या मसुद्यात ती जागा नाही असे दिसते.

एक गोष्ट टाळा. पाऊस आहे म्हणून वायपरच्या तालावर जाते आठवल्याचे लिहू नका. वायपर जातो आणि परततो, जाते गोल फिरते. ज्याने दळले आहे त्याला ही गफलत लगेच कळेल.

हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या पुढाकाराने जमा झालेल्या लाखाहून अधिक ओव्यांपैकी पुष्कळ ओव्या 'पारी'च्या संकेतस्थळावर ध्वनिमुद्रणासह ऐकायला मिळतात. लिहिण्यापूर्वी त्यातल्या दहा-बारा ऐका आणि शब्दांकडे लक्ष न देता फक्त श्वास मोजा.

मृण्मयी_क

हे वाचून मी बराच वेळ काही लिहिले नाही. आता चालकाचा प्रश्न अधिक अवघड झाला आहे. जँतसार कॅसेटवर किंवा पेनड्राइव्हवर कशाला असेल? आणि भोजपुरी ओळी मी स्वतः रचल्या तर त्या खोट्या वाटतील.

अनघा_बलिया

माझे सासर बलियाचे आहे. सासूबाई जँतसार म्हणायच्या, घरात चक्की आल्यावरही भांडी घासताना म्हणायच्या. माझ्या यजमानांनी ते एकदा मोबाइलवर मुद्रित करून भावाला पाठवले. त्यामुळे ते गाणे आमच्या घरात नावाने ओळखले जात नाही. पडद्यावर फक्त `AUD-20190814-WA0007` अशा धर्तीचे काहीतरी दिसते. तुमच्या चालकाकडे असेच असू द्या. मग "गाणे कोणते" या प्रश्नाला उत्तरच उरत नाही आणि नाव न सांगितल्याबद्दल वाचक लेखिकेला बोल लावणार नाही.

ओळी रचू नका. बलियाची आणि जौनपूरची बोली एकच नाही, त्यामुळे माझ्याकडूनही घेऊ नका. "हो राम" तेवढे पुरे आहे. एक मात्र सांगते. या गाण्यांत नवरा पुष्कळदा परदेशी गेलेला असतो, आणि आमच्याकडे परदेश म्हणजे कलकत्ता किंवा मुंबईसुद्धा. चालक ज्या गाण्यात स्वतः परदेशी गेलेला आहे तेच ऐकतो आहे. हे त्याने बाईंना सांगावे असे मला वाटते. "मेरी अम्मा हैं" एवढे म्हटले तरी चालेल.

दळणकांडण

अनघाताई, इथे माझे मत वेगळे आहे. त्याने आई म्हटले की बाई आजी म्हणणार, दोघे गहिवरणार आणि श्वासाची ती बारीक गोष्ट त्या गहिवरात बुडून जाईल. मी त्याला गप्प ठेवीन.

अनघा_बलिया

ताई, आमच्याकडचा माणूस आईचा आवाज लावून गप्प बसणार नाही. कुणी कान देऊन ऐकते आहे असे दिसले तर तो नक्की बोलेल.

मृण्मयी_क

दोघींचेही पटते, म्हणून तो भाग आज मोकळा सोडला आहे. बदललेला परिच्छेद देते.

"हिंदमाताला गाडी थांबली. पाणी दाराच्या खालच्या कडेला लागत होते. मोबाइलमधली बाई कुठल्याशा शब्दाच्या मध्यावर थांबली, आणि सुमनताईंना जाणवले की आपणही श्वास धरून बसलो आहोत. पुढच्या वेळी त्या तयार होत्या. बाई थांबली, त्याही थांबल्या, आणि ओठांच्या आत त्यांनी पुढचा तुकडा वर नेला. गाणे खाली उतरले. त्या परक्याच्या घरात शिरल्यासारख्या गप्प झाल्या. उजवा हात मात्र पर्सच्या पट्ट्याभोवती मुठीसारखा वळला होता."

आजीचा उल्लेख इथे मुद्दाम केलेला नाही.

दळणकांडण

मूठ चांगली आहे. "परक्याच्या घरात शिरल्यासारख्या" हे काढून पाहा. चाल चुकल्यावर त्या गप्प झाल्या, एवढे पुरते.

स्वरवेडा

कजरीविषयीचे माझे विधान मागे घेतो. तरीही गाणे खाली उतरल्यावर बाईंना तो स्वर आवडला की खटकला, हे मला कळायला हवे होते.

परळकर

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. जे. जे.ला उतरताना चालकाला भाडे सांगावे लागेल, कारण तेव्हा पहिल्या दीड किलोमीटरला बावीस रुपये होते आणि खोळंब्याचे वेगळे लागत. भाडे सांगण्यासाठी तो गाणे बंद करील किंवा आवाज कमी करील. माझे वडील बंद करीत नसत, आवाज कमी करीत. तुमचा चालक काय करतो, ते ठरवून ठेवा.