शब्दचर्चा : ‘आर्थिक मूल्यवर्धन’ म्हणजे नक्की काय?

कृष्णाकाठ : सांगलीत आमची हळद पावडरीची गिरणी आणि बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. सीएंनी यंदा ‘आर्थिक मूल्यवर्धन’ असा रकाना घातलाय. त्यात गिरणी अधिक 6 लाख, कोल्ड उणे 8 लाख. वडील म्हणतात, “हळकुंडाची पावडर झाली, हे मूल्यवर्धन. कोल्डमध्ये माल नुसता पडून असतो, म्हणून उणे.” खरं आहे का?

पेढीवाला : मूल्यवर्धित कर 2005 साली आला, 2017 मध्ये जीएसटीत गेला. आता त्याचा रकाना कशाला?

हिशेबनीस : पेढीवाले, कराचा इथे संबंध नाही. कृष्णाकाठ, वडिलांचा अर्थ शेतमालापुरता बरोबर आहे, पण हा शब्द वेगळा. भांडवल देणाऱ्यांचा, म्हणजे मालकाचा आणि बँकेचाही, मोबदला वजा करून धंद्याने वर किती कमावलं, ते यात बघतात. कोल्डमध्ये किती अडकलेत?

कृष्णाकाठ : 4 कोटी. कर भरून, पण व्याज वजा न करता नफा 40 लाख. गिरणीत 1 कोटी, नफा 18 लाख.

हिशेबनीस : म्हणजे सीएंनी हा मोबदला भांडवलाच्या 12 टक्के धरलाय. कोल्डच्या भांडवलाचे 48 लाख झाले, कमावले 40. गिरणीचे 12 झाले, कमावले 18. नुसता नफा पाहिला तर कोल्ड थोरला भाऊ वाटतो.

मिरजेचा विद्यार्थी : सोपं आहे. निव्वळ नफ्यातून भांडवलाचा खर्च वजा करायचा.

हिशेबनीस : तिथेच फसगत होते, बाळा. निव्वळ नफ्यातून बँकेचं व्याज आधीच गेलेलं असतं, आणि त्या 12 टक्क्यांत ते पुन्हा येतं. कोल्डवर 2 कोटींचं कर्ज 10 टक्क्यांनी असेल, तर 25 टक्के कर धरून निव्वळ नफा 25 लाख. त्यातून 48 काढलेस तर उणे 23! व्याज दोनदा कापलं गेलं.

पेढीवाला : मग कोल्ड विकून टाकायचं?

हिशेबनीस : घाई नको. आधी 4 कोटी कोणत्या तारखेचे, ते विचारा. मार्चअखेर बेदाण्याची आवक जोरात असते. स्वतःचा माल भरला असेल तर त्या एका दिवसाचं भांडवल फुगलेलं दिसणार. बारा महिन्यांची सरासरी घ्या. उलट बाजूही आहे. घसाऱ्याने इमारतीची पुस्तकी किंमत दरवर्षी उतरते, त्यामुळे धंदा तसाच राहिला तरी आकडा आपोआप सुधारतो. त्याला कर्तबगारी समजू नका.

कृष्णाकाठ : सरासरी मागते सीएंकडे. पण शब्द? वडिलांना ‘मूल्यवर्धन’ पटतच नाही.

हिशेबनीस : मी ‘भांडवल फिटून उरलेला नफा’ म्हणते. लांब आहे, पण व्यापाऱ्याला लगेच कळतो.

मिरजेचा विद्यार्थी : आमच्या पुस्तकात ‘अवशिष्ट उत्पन्न’ आहे.

पेढीवाला : अवशिष्ट म्हटलं की गाळ वाटतो. ‘उरीव नफा’ चालेल का?

हिशेबनीस : ‘उरीव’ आवडला. पण उणे 8 लाख ‘उरले’ कसं म्हणायचं?